लिफ्टसाठी चार कोटेशनं आली, निवड कशी करायची? गुणतक्त्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची सोसायटी वडोदऱ्यात दांडिया बाजारच्या बाजूला आहे. तळमजला आणि वर पाच मजले, निम्म्याहून जास्त बिऱ्हाडं साठीच्या पुढची. जुनी लिफ्ट बदलायची ठरली तेव्हा चार पार्ट्यांनी कोटेशन दिलं. मी नोकरीत असताना खरेदी खात्यात होतो, म्हणून कमिटीने तुलनेचं काम माझ्या गळ्यात टाकलं. नंतर ओळखीच्या दोन-तीन सोसायट्यांनी तोच तक्ता मागून नेला आणि सगळ्यांनी साधारण तेच प्रश्न विचारले. ते इथे एकत्र केले आहेत. पार्ट्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, त्यांना क, ख, ग, घ म्हणू. आकडे सगळे जीएसटी धरून आहेत. आमच्या सोसायटीची जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे भरलेला कर परत मिळत नाही. तो खर्चच धरायचा.

गुणतक्ता कशाला? सगळ्यात कमी भाववाल्याला काम दिलं की झालं ना?

चारही पार्ट्या हुबेहूब एकच वस्तू देत असत्या तर झालं असतं. सिमेंटच्या गोण्या घ्यायच्या असतील तर गुणतक्ता करत बसू नका, भाव बघा आणि घ्या. लिफ्टचं तसं नाही. सहा माणसांची, ४०८ किलोची लिफ्ट असं चौघांनी लिहिलं (माणशी ६८ किलो धरतात), पण आतली मशीन, कंट्रोलर, दरवाजे, पुढची दहा वर्षं दुरुस्तीला कोण आणि किती वेळात येणार, हे सगळं वेगळं.

सरकारी खरेदीतही सरसकट सगळ्यात कमी दर हाच नियम नाही. सल्लागार नेमताना गुणवत्ता आणि दर दोन्हींना गुण देण्याची पद्धत आधीपासून आहे. अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये काही अटींवर ती बांधकामासारख्या कामांनाही खुली केली, पण तिथे दर सोडून बाकी सगळ्याला मिळून जास्तीत जास्त ३० टक्के भार देता येतो. सोसायटीला ते बंधन नाही. तरी सरकारने हात इतका आखडता का घेतला असेल, हे पुढचा हिशेब वाचल्यावर कळेल.

कशाला किती गुण ठेवले?

एकूण १०० पैकी खर्चाला ४०, गुणवत्तेला २५, अनुभवाला १५ आणि जोखमीला २०. हा आकडा कुठल्या पुस्तकातून आलेला नाही, कमिटीत दोन तास वाद घालून ठरला. महत्त्वाचं एवढंच की एकही कोटेशन उघडण्याआधी ठरला आणि त्या कागदावर पाचही जणांनी सह्या केल्या. आधी भाव बघायचे आणि मग भार ठरवायचे, म्हणजे आवडत्या पार्टीच्या मापाचा सदरा शिवणं. करणाऱ्याला ते आपण करतोय हे कळतही नाही. खर्च सोडून बाकी तिन्हींत आधी १० पैकी गुण द्यायचे आणि मग ते भाराच्या मापात आणायचे: अनुभवात १० पैकी ४ म्हणजे १५ पैकी ६.

परवाना, विमा यांना किती गुण द्यायचे?

शून्य. त्या गाळणीच्या गोष्टी आहेत, गुणांच्या नाहीत. गुजरातमध्ये लिफ्टसाठी २००० सालचा स्वतंत्र कायदा आहे, बसवण्याआधी परवानगी आणि चालवायला परवाना लागतो. ज्याच्याकडे हे काम करण्याचे कागद नाहीत, किंवा शाफ्टमध्ये उतरणाऱ्या कामगारांचा विमा नाही, तो बाहेर. त्याला १० पैकी २ गुण देऊन आत ठेवलं तर स्वस्त भावाच्या जोरावर तो वर येऊ शकतो.

कोटेशनवरचा भाव तसाच घ्यायचा का?

नाही. सगळ्यात जास्त वेळ इथेच घाला.

ग पार्टीचा भाव ९.४० लाख होता आणि घ चा १३.९०. सभेत हे दोन आकडे वाचले असते तर विषय तिथेच संपला असता. पण ग च्या कोटेशनमध्ये चौथ्या पानावर बारीक अक्षरात होतं की जुनी लिफ्ट उतरवणं, शाफ्टमधलं गवंडीकाम आणि मेन स्विचपासूनची वायरिंग ग्राहकाकडे. तिन्हींचा बाहेरून भाव काढला तर १.३० लाख. वर्षाची देखभालही ३० हजारांत होती खरी, पण ती साधी: माणूस येऊन तेलपाणी करणार, सुटे भाग आपल्या खर्चाने. बाकी तिघांची देखभाल भागांसकट होती. दोर, दरवाज्याची मोटर, कंट्रोलरचं एखादं कार्ड असे नऊ वर्षांतले भाग आम्ही २.४० लाख धरले. हा अंदाज आहे. पण शून्य धरणं हाही अंदाजच असतो, आणि तो नक्की चुकीचा.

म्हणून दहा वर्षांचा खर्च काढला. ग चा असा: ९.४० अधिक १.३० अधिक देखभालीचे २.७० (पहिलं वर्ष फुकट, नऊ वर्षांचे पैसे) अधिक भागांचे २.४०, म्हणजे १५.८० लाख. क चा ११.२० अधिक नऊ वर्षं ७२ हजारांनी ६.४८, म्हणजे १७.६८. ख ने दोन वर्षं फुकट दिली होती, त्यामुळे १२.६० अधिक आठ वर्षं ४८ हजारांनी ३.८४, म्हणजे १६.४४. घ चा १३.९० अधिक नऊ वर्षं ५४ हजारांनी ४.८६, म्हणजे १८.७६. देखभालीच्या दरवाढीची अट सगळ्यांना सारखी घातली होती, म्हणून ती हिशेबात धरली नाही. तुमच्याकडे अट वेगवेगळी असेल तर धरावी लागेल.

ग आणि ख मधलं ३.२० लाखांचं अंतर ६४ हजारांवर आलं.

गुणवत्तेचे गुण शेवटी मनावरच ना?

तक्त्यात नुसतं ‘गुणवत्ता: १० पैकी’ असं लिहिलं तर मनावरच. मग सगळे सज्जन लोक सगळ्यांना ७ किंवा ८ देतात. त्यात कुणाचं मन दुखावत नाही आणि गुणवत्तेचा रकाना असून नसल्यासारखा होतो.

त्यावर उपाय म्हणजे कशाला किती गुण ते आधीच वाक्यात लिहून ठेवणं. आमच्या गुणवत्तेच्या चार ओळींपैकी कंट्रोलरची ओळ अशी होती:

- २ गुण: दुरुस्तीला त्याच कंपनीचं खास उपकरण किंवा पासवर्ड लागतो आणि तो सोसायटीला देणार नाहीत.
- ५ गुण: पासवर्ड देतील, पण कार्डं फक्त त्यांच्याकडेच मिळतात.
- ८ गुण: बाजारात मिळणारा कंट्रोलर, गावातला दुसरा मेकॅनिक दुरुस्त करू शकतो, आणि तसं लेखी दिलं आहे.
- १० गुण: वरचं सगळं, शिवाय वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दरवाजा उघडणारं उपकरण भावातच.

मधलं काही असेल तर मधले गुण, पण शेजारी कारण लिहायचं. ‘चांगलं वाटलं’ हे कारण चालत नाही. हे वाक्यांचं काम कंटाळवाणं आहे, चार ओळींना आमचा एक अख्खा रविवार गेला. पण नंतर भांडण झालं ते ‘तुम्ही त्याला जास्त का दिले’ असं झालं नाही, ‘पासवर्ड देतो असं कुठे लिहिलंय, दाखवा’ असं झालं. अशा भांडणाचा निकाल लागतो.

अनुभव म्हणजे किती वर्षांची पार्टी, एवढंच बघायचं का?

वर्षांवर जाऊ नका. पंचवीस वर्षं जुनी पार्टीही आज दोनच मेकॅनिकांवर चालत असू शकते. आम्ही प्रत्येकाकडे वडोदऱ्यातल्या पाच लिफ्टचे पत्ते मागितले, बसवून तीन वर्षं झालेल्या आणि निदान चार मजल्यांच्या. त्यातल्या दोन आम्ही निवडल्या, त्यांनी नाही, आणि न कळवता गेलो.

ग च्या एका लिफ्टमध्ये आम्ही तिसऱ्या मजल्यावर थांबलो, तर केबिन फरशीच्या चांगलं तीन बोटं वर. काठी टेकत येणाऱ्या माणसाला एवढं पुरेसं आहे. खाली वॉचमनला विचारलं, बंद पडली तर काय करता? तो हसून म्हणाला, ‘काका, मिस्त्री त्रण दिवसे आवे छे.’ तिथल्या सेक्रेटरींनी मात्र फोनवर ‘सर्व्हिस छान आहे’ सांगितलं होतं. फोनपेक्षा वॉचमन आणि पाचव्या मजल्यावरच्या आजी जास्त खरं सांगतात. ग ला अनुभवात १० पैकी ४ मिळाले ते या भेटीमुळे.

जोखमीचे गुण कसे द्यायचे? जास्त जोखीम म्हणजे जास्त गुण?

उलटं. जोखीम कमी तितके गुण जास्त. तक्त्याच्या डोक्यावर हे ठळक लिहा. आमच्या एका सभासदाने पहिल्या फेरीत उलटे गुण भरले होते आणि त्याचा तक्ता परत करून घ्यावा लागला.

दुसरी चूक जास्त होते आणि लवकर दिसत नाही: एकाच गोष्टीची शिक्षा दोनदा. अनुभव कमी म्हणून अनुभवात गुण कापले, आणि ‘अनुभव कमी म्हणून जोखीम जास्त’ म्हणून तिथेही कापले, तर अनुभवाचा भार १५ न राहता ३५ झाला. आम्ही नियम केला की जोखमीत फक्त पैसे आणि करार यांच्या गोष्टी येतील. आगाऊ किती मागतात, उशीर झाला तर दंड मान्य आहे का, मालकाला काही झालं तर देखभाल कोण करणार. ग ने ७० टक्के आगाऊ मागितले होते आणि दंडाचं कलम खोडलं होतं, म्हणून ३. घ ने टप्प्याटप्प्याने पैसे मान्य केले, म्हणून ७. कंट्रोलरचा पासवर्ड ही खरं तर जोखीमही आहे, पण तो गुणवत्तेत धरला होता, म्हणून इथे नाही.

खर्चाला ४० गुण देऊनही सगळ्यात महाग पार्टी पहिली आली. तक्ता चुकला का?

हा प्रश्न आमच्याच सभेत, चांगल्या चढ्या आवाजात आला होता. तक्ता चुकला नव्हता, भावाचे गुण काढण्याचं सूत्र आम्ही न तपासता उचललं होतं.

सगळीकडे चालतं ते सूत्र असं: सगळ्यात कमी खर्च भागिले त्या पार्टीचा खर्च, गुणिले ४०. त्याने ग ला ४०, ख ला ३८.४, क ला ३५.७ आणि घ ला ३३.७ मिळाले. म्हणजे जवळजवळ तीन लाखांचा फरक ६.३ गुणांत मावला. तिकडे गुणवत्तेत ग ला १० आणि घ ला २२.५, फरक १२.५ चा. कागदावर खर्चाचा भार ४० आणि गुणवत्तेचा २५, पण निकाल फिरवण्याची ताकद गुणवत्तेकडे दुप्पट. भार किती लिहिला यावर काही ठरत नाही. त्या रकान्यात पार्ट्या एकमेकींपासून किती लांब पडतात, यावर ठरतं.

मग एक सभासद म्हणाला, सगळ्यात महागाला शून्य द्या आणि मधल्यांना त्या प्रमाणात. हेही सूत्र चालतं. त्याने ग ४०, ख ३१.४, क १४.६, घ ०. आता ख पहिला, आणि ग दुसरा, वॉचमनवाला! शिवाय समजा ग ने माघार घेतली, तर ख चे ३१.४ चे ४० आणि क चे १४.६ चे १८.६ होतात. दोघांनी एक रुपयाही कमी केलेला नाही. शेजारच्याच्या जाण्यायेण्याने ज्याचे गुण हलतात ते माप मला पसंत नाही.

मग कोणतं सूत्र घेतलं?

ठरावीक पट्टीचं. दहा वर्षांचा खर्च १४ लाख किंवा कमी असेल तर पूर्ण ४०, २० लाख किंवा जास्त असेल तर शून्य, मधे सरळ रेषेत. २० हा आकडा आमच्या राखीव निधीतून आला, त्यापलीकडे वर्गणी काढावी लागली असती. १४ च्या खाली कुणी खरंच सगळं काम करून देईल यावर माझा विश्वास नव्हता, म्हणून त्याखाली बक्षीस नाही. शीटमध्ये खर्च `B2` मध्ये रुपयांत असेल तर:

```
=MAX(0,MIN(40,40*(2000000-B2)/600000))
```

खरं सांगायचं तर ही पट्टी आधीच ठरवायला हवी होती. आम्ही पहिलं सूत्र वाचून दाखवल्यावर बदललं, म्हणजे वर सदरा शिवण्याबद्दल जे म्हटलं तेच थोडं आम्हीही केलं. म्हणून सभेपुढे तिन्ही सूत्रांचे निकाल शेजारी शेजारी ठेवले आणि पट्टीचा ठराव करून घेतला.

| पार्टी | खर्च (४०) | गुणवत्ता (२५) | अनुभव (१५) | जोखीम (२०) | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| क | १५.५ | १५ | १२ | १२ | ५४.५ |
| ख | २३.७ | २० | ९ | १२ | ६४.७ |
| ग | २८ | १० | ६ | ६ | ५० |
| घ | ८.३ | २२.५ | १३.५ | १४ | ५८.३ |

पट्टी बरोबर आहे की नाही हे कसं कळणार?

एक लाख रुपये म्हणजे किती गुण, एवढं विचारा. आमच्या पट्टीत ४० गुण सहा लाखांवर पसरलेत, म्हणजे लाखाला साधारण ६.७ गुण. गुणवत्तेत १० पैकी एक पायरी म्हणजे २.५ गुण. थोडक्यात, गुणवत्तेच्या एका पायरीसाठी आपण ३७-३८ हजार जास्त मोजायला तयार आहोत. हे वाक्य सभासदांना वाचून दाखवा. त्यांनी माना डोलावल्या तर पट्टी ठीक. पहिल्या सूत्रात तीच पायरी सव्वा लाखाच्या आसपास जात होती, आणि त्याला कुणीच तयार नव्हतं.

गुण सगळ्यांनी बसून एकत्र द्यायचे की वेगवेगळे?

आधी वेगवेगळे, आपापल्या घरी. आणि तेव्हा भावाचं पाकीट बंद. भाव एकदा दिसला की स्वस्त पार्टीची मोटरही चांगली दिसायला लागते, किंवा महागड्याची, ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे. मग एकत्र बसून फक्त तिथेच चर्चा करायची जिथे दोघांच्या गुणांत तीन किंवा जास्त फरक आहे. सरळ सरासरी काढू नका. एकाने ३ आणि दुसऱ्याने ८ दिले असतील तर बहुतेक वेळा एकाने कोटेशनचं एक पान वाचलेलं नसतं. ५.५ लिहिलं की ते न वाचलेलं पान कायमचं झाकलं जातं.

कमिटीतल्या एकांचे साडू क पार्टीकडे नोकरीला होते. त्यांनी स्वतः सांगितलं आणि क चे गुण दिले नाहीत. पण क चे सोडून बाकीच्यांचे द्यायचे यातही अर्थ नसतो, म्हणून शेवटी ते पूर्ण बाजूला बसले.

पहिल्या दोघांत थोडाच फरक असेल तर?

भार थोडे हलवून बघा. आम्ही खर्चाचे १० गुण काढून गुणवत्तेला दिले (३० आणि ३५): ख ६६.८, घ ६५.२. ख अजून पुढे. १५ हलवले (२५ आणि ४०) तर घ ६८.७ आणि ख ६७.८, निकाल फिरला. म्हणजे ख ची आघाडी लोखंडी नाही, पण ती मोडायला खर्चाचा भार ४० वरून २५ च्या आसपास आणावा लागतो. सभासदांपैकी कुणालाच तेवढा कमी करायचा नव्हता, म्हणून ख. तुमच्याकडे दोन-तीन गुण हलवताच निकाल फिरत असेल तर दोघं बरोबरीत आहेत असं समजा आणि आधी लिहून ठेवलेल्या नियमाने सोडवा. आमचा नियम होता की जोखमीत ज्याला जास्त गुण, तो.

ग सारखी कमजोर पार्टी तक्त्यात ठेवायचीच कशाला?

बरोबर विचारलंत. सरकारी पद्धतीत तांत्रिक गुणांची किमान रेषा असते, त्याखालच्याचं भावाचं पाकीट उघडतच नाहीत. आम्ही ती ठेवली नव्हती. पुन्हा करायचं झालं तर गुणवत्तेत आणि जोखमीत १० पैकी निदान ५ अशी रेषा ठेवीन. ग दोन्हीकडे अडला असता आणि सभेतला अर्धा तास वाचला असता.

‘माझा भाचा पण लिफ्ट बसवतो, त्याचं कोटेशन घ्या ना,’ असं तारीख उलटल्यावर कुणी म्हणालं तर?

नाही म्हणायचं. तोपर्यंत बाकीच्यांचे भाव जिन्यात सगळ्यांना माहीत झालेले असतात.

पहिल्या आलेल्या पार्टीशी घासाघीस करायची का?

करायची, पण फक्त तिच्याशीच आणि दुसऱ्याचा भाव न सांगता. घासाघीस भावावर करण्यापेक्षा तिचे गुण जिथे कापले गेले तिथे करा. ख ला अनुभवात ६ होते, कारण त्यांच्या एका लिफ्टवर मेकॅनिक दुसऱ्या दिवशी आला होता. आम्ही भाव तसाच ठेवला आणि करारात घालून घेतलं की माणूस अडकला असेल तर एका तासात, नुसती बंद असेल तर त्याच दिवशी, नाहीतर त्या महिन्याची देखभाल फुकट.

हरलेल्या पार्टीने गुण विचारले तर दाखवायचे का?

त्यांचे त्यांना दाखवा, दुसऱ्यांचे नाही. क चे मालक येऊन बसले, आपली ओळ वाचली आणि म्हणाले की पासवर्ड द्यायला ते तयार होते, कोटेशनमध्ये लिहायचं राहिलं. पुढच्या वेळी अर्जाच्या नमुन्यातच तो प्रश्न छापायचा, हे मी तिथल्या तिथे मागच्या कोऱ्या बाजूवर टिपून ठेवलं.